फीच्या नव्या सिस्टीमची टेस्टिंग : सोमवार ९ ते शुक्रवार १३ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी, काल मोठ्या मॅडमशी बोलणं झालं आणि तारखा पक्क्या झाल्यात. बोर्डाचे पेपर सुरू झाले की आपल्या ऑफिसला श्वास घ्यायला वेळ नसतो म्हणून आधीच उरकतोय. रोज दुपारी २ ते ४, कॉम्प्युटर लॅबमध्ये. त्या वेळात काउंटरवर एकच जण बसेल, पाळीपाळीनं, आणि शिपाईदादा पालकांना सांगतील की फी सकाळीच भरा.

आधी एक गोष्ट मनापासून सांगतो. ही तुमची परीक्षा नाहीये, सिस्टीमची आहे. एखादं बटण सापडलं नाही तर चूक तुमची नाही, बटण चुकीच्या जागी आहे असं समजायचं आणि लिहून ठेवायचं. सॉफ्टवेअरवाल्यांनी डेमोत जो मुलगा दाखवला तो वेळेवर, पूर्ण फी, एकदाच भरणारा होता, असे पालक आपल्या काउंटरवर किती येतात ते तुम्हालाच माहीत. म्हणून टेस्टच्या केसेस मी माझ्या मनानं नाही काढल्या, काकूंच्या निळ्या वहीतून काढल्यात, ती वही म्हणजे २० वर्षांचे सगळे अपवाद आहेत.

सोमवारी नुसती सवलत. दोन भावंडं असली की धाकट्याच्या ट्यूशन फीवर १०% सूट, बसवर नाही. म्हणजे ट्यूशन १२,००० आणि बस ४,५०० असेल तर पावती १५,३०० ची यायला हवी. स्क्रीनवर १४,८५० दिसले तर समजा सिस्टीमनं बसवरही सूट देऊन टाकली, लगेच फोटो काढा. मग मोठा शाळा सोडून गेला तर धाकट्याची सूट पुढच्या हप्त्यापासून थांबते का तेही बघा. आरटीईच्या मुलांच्या नावापुढे फीची बाकी दिसताच कामा नये आणि मेसेज तर अजिबात जाऊ नये, त्या आईबापांना उगाच धास्ती बसते.

मंगळवार लेट फीचा. शेवटची तारीख १५, पण मार्चची १५ रविवारी येतेय, आपण अशा वेळी सोमवारपर्यंत दंड लावत नाही, सिस्टीमला हे माहीत आहे का? अर्धी फी भरली तर दंड बाकीवर लागतो की पूर्ण रकमेवर? चेक बाऊन्स झाला की पावती रद्द होऊन बाकी परत उभी राहिली पाहिजे, आणि रद्द पावतीचा नंबर दुसऱ्याला मिळता कामा नये.

बुधवारी यूपीआय, आणि याच्यावर मला सगळ्यात जास्त वेळ द्यायचाय. मागच्या वर्षी एक वडील काउंटरवर मोबाईल धरून उभे होते, खात्यातून पैसे गेलेले, आपल्याकडे एंट्री नाही, आपण त्यांना परत भरायला लावलं आणि नंतर दोन्ही पेमेंट जमा झाली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं असे अडकलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत जायला हवेत, तेव्हा तोवर सिस्टीमनं ‘प्रलंबित’ दाखवायचं, ‘बाकी’ नाही. टेस्ट मोडमध्ये पेमेंट मुद्दाम फेल करू, मध्येच इंटरनेट काढू, एकच क्यूआर दोनदा स्कॅन करू.

गुरुवारी रोख आणि दिवसअखेरचा हिशोब. अकाउंटंट काका कागदावर मांडतील, बाकीचे सिस्टीममध्ये, आणि ४ वाजता दोन्ही आकडे एक रुपयाही इकडे तिकडे न होता जुळले पाहिजेत. एकाच वर्गात एकाच नावाची दोन मुलं पण टाकलीयेत, स्कॉलर नंबर न बघता कोणाची पावती फाटते ते बघू.

शुक्रवार राखीव, आधी सापडलेलं दुरुस्त होऊन आलंय ना ते परत तपासायला.

चुका भिंतीवरच्या चार्टवर लिहायच्या: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. पैशाची चूक लाल पेनानं, काम अडतंय ते निळ्या, नुसतं डोळ्यांना खुपतंय ते पेन्सिलनं. एकही लाल उरलं तर १ एप्रिलला नवी सिस्टीम सुरू होणार नाही, जुनी पावतीबुकं चालतील, हे मॅडमनी कबूल केलंय. सह्या काकू, काका आणि बसवाल्या दादांच्या, माझी नाही, कारण खिडकीत पालकांना तोंड तुम्ही देता.

आणि हो, खऱ्या पालकांचे मोबाईल नंबर टाकू नका, मेसेज खरंच जातात. टेस्टच्या मुलांना आपले स्वतःचे नंबर लावू. काकू, सोमवारी वही आणि जवळचा चष्मा दोन्ही आणा, पावतीवरची अक्षरं फार बारीक आहेत, ते मी आत्ताच पेन्सिलनं लिहून ठेवलंय.