आजोबा काय म्हणत होते

(मनोविकार विभागात नव्याने रुजू झालेल्या जेआर-वनसाठी. पहिल्या आठवड्याच्या बैठकीत वाचायची गोष्ट. मध्ये एक जागा आहे, तिथे वाचणाऱ्याने थांबायचं.)

मी मूळची सांगलीची. नागपुरात येऊन नऊ दिवस झाले होते. वऱ्हाडी बोली कानावर पडायची पण आत उतरत नव्हती. कॅन्टीनमधल्या मुलानं "पोह्यावर तर्री टाकू का जी?" असं विचारलं तरी मी दोनदा "काय?" म्हणायचे. पोळ्याच्या आदल्या रात्री माझा पहिला ऑन-कॉल लागला.

रात्री 1 वाजून 40 मिनिटांनी अस्थिरोगाच्या पुरुष वॉर्डातून फोन आला. कॉल-बुकात लिहिलं होतं: वय 74, उजव्या खुब्याचं फ्रॅक्चर, भरती होऊन तिसरा दिवस. रात्री 11 पासून आरडाओरडा, स्टाफला शिव्या, कॅथेटर ओढतो. मनोविकार विभागाने पाहावे.

वॉर्डात पोचले तेव्हा अर्धा वॉर्ड जागा होता. आजोबांचे दोन्ही हात गॉजच्या पट्टीने कॉटच्या कठड्याला बांधलेले. मनगटं लाल झालेली, कपाळावर घाम, ओठ कोरडे. पायाला ट्रॅक्शन. शेजारच्या कॉटवरचा पोरगा उशी कानावर दाबून म्हणाला, "मॅडम, याले काही तरी द्या, नाही तर मले द्या."

(आमच्या वॉर्डात कुणाला बांधायचं तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 97 प्रमाणे कारण, पद्धत, किती वेळ, सगळं कागदावर यावं लागतं. त्या रात्री तिथे गॉजचा एक रोल पुरला होता.)

आजोबा एकच धरून बसले होते, "पाट तुंबला वो! दार उघडा ना बाप्पा! बांध फुटून राह्यला!" मध्येच "बैलं उपाशी हायेत, मले जाऊ द्या." मी पायाशी उभी राहून, जरा मोठ्यानेच विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सून कोपऱ्यात उभी होती. "मामाजी असे नाही जी," ती म्हणाली. "घरी कोनाले उलटून बोलत नाही. दुपारी तं चांगले बोलत होते."

दुपारी चांगले होते, हे मी ऐकलं. लिहिलंही. आणि पुढे गेले.

मी सिस्टरांना सांगितलं, हॅलोपेरिडॉल 5 मिलिग्रॅम आणि प्रोमेथाझिन 50, आयएम. एमबीबीएस करताना कॅज्युअल्टीत तरण्याताठ्या, मारहाणीवर आलेल्या माणसाला हेच देताना पाहिलं होतं. सिस्टरांनी इंजेक्शन भरलं, ट्रेमध्ये ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "एसआर सरांना एकदा विचारून घ्या ना मॅडम." मला राग आला. फोन केला तो मुख्यतः त्यांना दाखवण्यासाठी.

(वाचणाऱ्याने इथे थांबावं. प्रत्येकाने वहीत लिहावं: तुम्ही फोनवर पहिलं वाक्य काय बोलला असता? आणि तुमच्याकडे कोणती माहिती नाही?)

माझं पहिलं वाक्य होतं, "सर, एक व्हायोलंट पेशंट आहे."

सर झोपेतून उठले होते. "कुणाला मारलं?"

"मारलं नाही. ओरडतोय."

"काय ओरडतोय?"

"काहीतरी शेतीचं."

"काहीतरी म्हणजे?"

मला सांगता येईना. मग त्यांनी भराभर विचारलं: नाडी किती, ताप आहे का, शुगर पाहिली का, ऑक्सिजन किती, सोडियम कधी केलं, दारू पीत होते का आणि शेवटची कधी, वेदनेसाठी काय चालू आहे, पोट हाताने पाहिलं का, लघवी किती झाली. दुपारी शुद्धीत आणि रात्री असा, म्हणजे आधी डेलिरियम समज, असंही म्हणाले. नऊ प्रश्न होते आणि माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. "इंजेक्शन ट्रेमध्येच राहू दे," ते म्हणाले. "आधी बस त्यांच्याजवळ. उभी असशील तर बस."

मी उभीच होते.

स्टूल ओढलं आणि डोक्याशी, डाव्या बाजूला बसले. वॉर्डातले मोठे दिवे बंद करायला लावले, एकच ठेवला. उशीखाली चष्मा सापडला, तो सुनेनं पुसून त्यांना घातला. मग मी माझं नाव सांगितलं, डॉक्टर आहे म्हणाले आणि दुसरं काय विचारावं सुचेना म्हणून बैलांची नावं विचारली.

त्यांनी मान वळवली. "सर्जा... आन् मोत्या." आवाज बसलेला. "खांद शेकली का त्यायची?"

मला कळलं नाही. सुनेनं सांगितलं, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. तिनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला आणि फोन सासऱ्याच्या कानाशी धरला. "शेकली बाबा," एवढंच ऐकू आलं. आजोबा गप्प झाले. अर्धा मिनिट असेल. मग पुन्हा, पण ओरडून नाही, कण्हल्यासारखं, "पाट तुंबला वो बाई."

मी त्यांचा उजवा हात सोडला. सिस्टर सावध झाल्या, कारण याच हातानं ते कॅथेटर ओढत होते. हात खाली गेला, पण नळीकडे नाही. बेंबीच्या खाली जाऊन तिथेच थांबला. मी त्याच्या बाजूला माझा हात ठेवला. ओटीपोट फुगलेलं आणि टणक, दाबल्याबरोबर ते विव्हळले.

सिस्टर तोवर वाकल्या होत्या. युरोबॅग रिकामी होती. चार्टवर लघवीची शेवटची नोंद संध्याकाळी 6 ची, आणि सलाईन तर चालूच. कठडे वर केले तेव्हा नळी कठडा आणि गादीची पत्र्याची चौकट यांच्यात चिमटली होती. त्यांनी कठडा खाली केला, नळी मोकळी केली, हातानं दोनदा चोळली.

पिशवीत आवाज आला. सगळ्यांनी ऐकला. 800 मिली.

आजोबांच्या चेहऱ्यावरचा ताण कसा उतरत गेला ते मला लिहून सांगता येणार नाही. आधी कपाळ सैल झालं, मग जबडा. मी दुसरी पट्टी सोडायला गेले तर गाठ इतकी घट्ट होती की कात्री लागली.

उरलेल्या गोष्टी मग केल्या. नाडी 118 ची 92 वर आली, शुगर 132, ऑक्सिजन 96, ताप नाही, दारू नाही. रक्त सोडियमसाठी पाठवलं. ट्रामाडॉल आणि रात्री झोपेसाठी चालू केलेलं एव्हिल, दोन्हींबद्दल अस्थिरोगाच्या रेसिडेंटशी बोलले. एव्हिल म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढवतं आणि लघवीही अडवतं. मी सांगितलेलं प्रोमेथाझिन त्याच जातीचं, आणि हॅलोपेरिडॉल त्या वयात लागलंच तर अर्ध्या मिलिग्रॅमपासून. हे सगळं मला परीक्षेत लिहिता आलं असतं.

डेलिरियम एका पिशवीनं संपत नाही. पहाटे 4 ला त्यांनी सिस्टरांना "गाय कुठं बांधली" विचारलं, दुसऱ्या रात्रीही थोडं भरकटले. पण कुणी त्यांना बांधलं नाही.

कॉल-बुकात "कॅथेटर ओढतो" या ओळीखाली मी माझी नोंद लिहिली तेव्हा 3 वाजले होते. सिस्टरांनी ट्रेमधलं इंजेक्शन उचललं, माझ्यासमोर बेसिनमध्ये रिकामं केलं आणि औषधांच्या कागदावर लिहिलं: दिले नाही. मग म्हणाल्या, "चहा घेता का जी?"

ह्या वेळी एकदाच विचारल्यावर कळलं.