जुनी जीआय लाइन बदलण्याबाबत आणि कोटेशनबाबत

पुणे, 6 नोव्हेंबर 2025

आदरणीय देशमुख काका आणि काकू,

स.न.वि.वि.

मंगळवारी तुमच्या कोथरूडच्या बंगल्याची लाइन पाहून गेलो. रात्री कोटेशन पाठवलं, तर काल काकांचा फोन आला, की समीरदादा अमेरिकेतून विचारतात, गळतो एक पाईप, मग ऐंशी हजार कशाचे? प्रश्न बरोबर आहे. फोनवर सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून देतो. दादांनाही हेच पाठवा.

आधी माझ्याकडचं सांगतो. मार्चमध्ये मोरीच्या मागचा पाईप गळला, तेव्हा मीच क्लॅम्प मारला. जूनमध्ये जिन्याखालचा एल्बो बदलला. दिवाळीच्या आधी वरच्या बाथरूमचा नीपल तुटला, तोही मीच काढला. तिन्ही वेळा मजुरी घेतली आणि तिन्ही वेळा पुढे कुठेतरी नवीन गळती निघाली. त्यात कामाची चूक नव्हती, पण दुसऱ्या वेळीच मी तुम्हाला हे बोलायला हवं होतं.

ओट्याखालून कापलेला वीतभर तुकडा व्हरांड्यात पिशवीत ठेवला आहे. टाकू नका. तो अर्ध्या इंची पाईप आहे, नवा असताना त्यातून करंगळी सहज जायची. आता त्यात बॉलपेन घालून पाहा, जात नाही. रिफिल तेवढी जाते. आत तपकिरी गाठी धरल्या आहेत आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार त्यावर बसला आहे. बाहेरून मात्र पाईप ठणठणीत दिसतो, रंगसुद्धा शाबूत आहे.

हे असं का होतं, तर जीआय म्हणजे लोखंडी पाईपच, त्यावर जस्ताचा मुलामा. जस्त आधी झिजतं आणि तोवर लोखंडाला गंज लागू देत नाही. तुमची लाइन 1985 ची, म्हणजे चाळीस वर्षं झाली. जस्त कधीच संपलंय. त्यातही आटे पाडताना मुलामा कापला जातो आणि पाईपची जाडीही कमी होते, म्हणून गळती नेहमी जोडावर, आट्यांपाशी सुरू होते. तुमच्या तिन्ही गळत्या जोडावरच्या होत्या. गिझरच्या पुढची गरम लाइन त्याहून वाईट आहे, कारण गरम पाण्यात हे सगळं लवकर होतं. आणि मध्ये कुणीतरी जुन्या पाईपाला थेट पितळी कॉक लावले आहेत. पितळ आणि जीआय पाण्यात एकत्र आले की झीज जीआयची होते.

काकू म्हणाल्या, की शेजारच्यांनी प्रेशर पंप बसवला आणि फरक पडला. तुमच्याकडे बसवू नका. मी बादली लावून पाहिलं होतं, काकू समोरच होत्या. गच्चीवर टाकीच्या बुडाशी असलेल्या कॉकला पंधरा लिटरची बादली एका मिनिटात भरली. तेच पाणी स्वयंपाकघरात आल्यावर पाच मिनिटं चाळीस सेकंद लागले. खरं तर खाली जास्त जोर हवा, कारण टाकी ओट्यापासून साधारण आठ मीटर उंच आहे. म्हणजे टाकीत दोष नाही, दोष वाटेत आहे. पाईपाचं भोक रुंदीला निम्मं झालं की पाणी निम्मं होत नाही, पाचव्या-सहाव्या हिश्शावर येतं. पंपाने पाणी ढकललं तर गाठी सुटून कॉकच्या जाळीत अडकतील आणि झिजलेले जोड भिंतीच्या आत फुटतील. अॅसिड फिरवून लाइन साफ करून देतो म्हणणारेही येतात. गंज निघतो, पण काही ठिकाणी भोक बुजवून धरलंय ते त्या गंजानेच.

आता दादांचा प्रश्न, की गळका तेवढा तुकडाच का नाही बदलायचा. पाना लावून एक जोड उघडायचा म्हटलं, की पीळ पुढच्या एल्बोपर्यंत जातो. नव्या लाइनमध्ये काही होत नाही. जुन्यात पुढचा आटा तिथेच मोडतो. दिवाळीआधी एका नीपलसाठी गेलो आणि अडीच फूट पाईप काढावा लागला, तो असाच.

दोन गोष्टी मला पाण्याच्या दाबापेक्षा जास्त खटकल्या. पहिली, देवघरामागच्या भिंतीची ओल. पावसाळा संपून महिना झाला तरी ती वाळत नाही आणि तिथून फूटभरावर विजेचा बोर्ड आहे. ती ओल वरच्या बाथरूमच्या गाडलेल्या लाइनची आहे. लाइन बदलून भिंत वाळेपर्यंत त्या बोर्डाचे प्लग वापरू नका, ही विनंती.

दुसरी गोष्ट कोटेशनमध्ये नाही, पण केल्याशिवाय मी काम सुरू करणार नाही. वरच्या गिझरची अर्थिंगची वायर पाण्याच्या पाईपाला बांधलेली आहे. जुन्या घरांत असं सर्रास करायचे. मी प्लास्टिकचा पाईप टाकला की ती अर्थिंग तुटली, आणि गिझरला करंट आला तर तो अंघोळ करणाऱ्याच्या अंगातून जाईल. तेव्हा आधी तुमचा वायरमन बोलवा, घराला वेगळी अर्थिंग आहे का ते तपासून घ्या, नसेल तर करून घ्या. ते पैसे त्याला थेट द्या, त्यात माझा काही संबंध नाही.

आता 79,800 रुपयांचा हिशेब.

माल 34,800. घराच्या आत गरम-थंड दोन्हीला सीपीव्हीसी, जाड भिंतीचा, एसडीआर 11. गच्चीवर आणि मागच्या भिंतीवरून उतरणारी थंड लाइन यूपीव्हीसी, शेड्यूल 80. टाकीपासून सव्वा इंची निघेल, खाली एक इंची, फाट्यांना पाऊण आणि कॉकपाशी अर्धा इंच. आज टाकीपासूनच पाऊण इंची लाइन आहे, म्हणून वर कुणी नळ सोडला की खालचा शॉवर बंद पडतो. जिथे कॉक लागतात तिथे पितळी आट्यांचे एल्बो. प्रत्येक बाथरूमला आणि स्वयंपाकघराला वेगळा बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे पुढे एक कॉक बदलायला अख्ख्या घराचं पाणी बंद करावं लागणार नाही. उन्हातल्या पाईपाला पांढऱ्या रंगाचे दोन हात, कारण प्लास्टिक उन्हाने कडक होऊन तडकतं. मालाचं बिल दुकानातून थेट काकांच्या नावावर येईल. बिल कमी झालं तर फरक तुमचा, जास्त झालं तर माझा, मोजमाप मी केलंय.

प्लंबिंगची मजुरी 28,000. मी, माझा जोडीदार आणि एक हेल्पर, सात दिवस. एकूण 19 पॉइंट आहेत: वरचं आणि खालचं बाथरूम धरून बारा, दोन्ही संडासांचे दोन, स्वयंपाकघरात दोन, वॉशिंग मशीनचा एक, गच्चीचा एक आणि बागेचा एक. माझी उलाढाल मर्यादेच्या आत असल्याने मजुरीवर जीएसटी लागत नाही.

गवंडीकाम 14,500. पाईपासाठी भिंतीत खाचा फोडणं, पाईप बसल्यावर त्या भरणं, प्लास्टर. भिंती शक्य तेवढ्या कमी फोडतो. मुख्य लाइन मागच्या भिंतीवरून बाहेरून आणून प्रत्येक खोलीत भोक पाडून आत घेतो. जुनी गाडलेली लाइन उकरत बसत नाही, दोन्ही टोकांना प्लग मारून भिंतीतच सोडून देतो. बाथरूममध्ये मात्र कॉकच्या रेषेत चार-पाच इंचांची पट्टी फुटणारच. काकूंनी माळ्यावर जपून ठेवलेल्या आठ टाइल्स तिथे लागतील, त्यावर भांडी ठेवली असतील तर आता काढून घ्या.

राडारोडा उचलून नेणं 2,500. जुना पाईप मी नेत नाही. तो तुमचा आहे, भंगारवाला समोर वजन करून घेईल.

यात काय नाही तेही सांगतो, नंतर वाद नको. नवीन नळ, मिक्सर, गिझर नाहीत; आहेत तेच परत बसवतो. खरं तर खालच्या बाथरूमचा मिक्सर काढताना तुटण्याची शक्यता आहे, कारण त्याचे आटे गंजून एक झालेत. तुटला तर नवा तुम्ही आणायचा, बसवण्याचे पैसे घेणार नाही. सांडपाण्याच्या पाईपांना हात लावत नाही. रंगकाम नाही. आठ टाइल्स पुरल्या नाहीत तर नवीन टाइल्सचा खर्च वेगळा. आणि महापालिकेच्या मीटरपासून जमिनीतल्या टाकीपर्यंतची लाइन कोटेशनमध्ये नाही, कारण ती चांगली आहे. तुम्ही ती 2014 मध्ये बदलून घेतली होती. उगाच खर्च करू नका.

काम सोमवार, 17 नोव्हेंबरला सुरू करता येईल. पहिले चार दिवस जुनी लाइन चालूच राहील, नवी शेजारून टाकतो. पाचव्या दिवशी सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत पाणी बंद. त्या दिवशी दोन पिंप भरून ठेवा. नव्या जोडांचं सोल्यूशन पक्कं धरायला एक रात्र जाऊ देतो, मगच हातपंपाने लाइनला 10 किलो दाब देऊन दोन तास काटा बघतो. तुमच्या टाकीचा दाब एक किलोसुद्धा नाही, म्हणजे ही दसपटीहून जास्त परीक्षा झाली. काटा पडला नाही हे काकांनी स्वतः बघायचं, त्याशिवाय गवंडी एकही खाच बुजवणार नाही. बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे टेप धरून फोटो काढून देतो. पुढे कुणी खिळा ठोकायला आलं की ते फोटो दाखवा.

पैसे तीन टप्प्यांत: माल आणायच्या वेळी 32,000, दाबाची परीक्षा झाल्यावर 32,000 आणि उरलेले 15,800 सगळं साफ करून दिल्यावर. माझ्या जोडातून पाच वर्षांत पाणी आलं तर दुरुस्ती फुकट, भिंत फोडून भरण्यासकट. मालाचे दर 30 नोव्हेंबरपर्यंत धरले आहेत.

दादांना काही विचारायचं असेल तर रात्री आठनंतर व्हिडिओ कॉल लावा, मी येतो. आणि तो कापलेला तुकडा कॅमेऱ्यासमोर धरा, त्यांना टोकातून आत बघू दे.

वायरमन कधी येतोय तेवढं कळवा, त्यावर तारीख पक्की करतो.

आपला नम्र,
संतोष (प्लंबर)