वैधानिक नोंदवह्या व अभिलेख पाहण्यास मिळण्याबाबत भागधारकाचे पत्र

धरणगाव, जि. जळगाव
दिनांक 6 जानेवारी 2026
(नोंदणीकृत टपालाने, पोचपावतीसह)

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय,
जिनिंग-प्रेसिंग आवार, धरणगाव

विषय : कंपनी कायदा 2013 अन्वये नोंदवह्या व इतिवृत्ते पाहू देण्याबाबत. फोलिओ क्र. 47, शेअर 4,500.

महोदय,

हे शेअर माझ्या वडिलांनी 1994 साली कापसाच्या पैशातून घेतले. 2009 मध्ये सर्टिफिकेटच्या पाठीवर माझे नाव चढले. त्यावरचा आपला शिक्का आजही स्पष्ट वाचता येतो.

मागच्या वर्षापर्यंत एकूण शेअर 1,50,000 होते, म्हणजे माझा वाटा तीन टक्के. 27 सप्टेंबर 2025 च्या सभेत मिळालेल्या ताळेबंदात ते 2,10,000 दिसतात. माझा वाटा 2.14 टक्क्यांवर आला. नवे 60,000 शेअर कोणाला दिले? हक्कभागाचे पत्र मला आलेले नाही, आणि माझ्या ओळखीच्या दोन जुन्या भागधारकांनाही नाही. मी सभेत हा प्रश्न उभा राहून विचारला होता. तो इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, हेही मला पाहायचे आहे.

22 डिसेंबरला मी स्वतः कार्यालयात आलो होतो. "भाऊ, साहेब आल्यावर या," एवढेच सांगण्यात आले. म्हणून आता लेखी मागतो.

सभासद नोंदवही आणि मागील तीन वर्षांची वार्षिक विवरणपत्रे मला कलम 94 प्रमाणे पाहायची आहेत. इतर सभासदांचे पत्ते, पॅन मला नकोत. नाव, शेअरसंख्या आणि वाटपाची तारीख पुरे. सर्वसाधारण सभांची मिनिट बुके कलम 119 खाली, संचालकांची व त्यांच्या शेअरधारणेची नोंदवही कलम 170 व 171 खाली, आणि बोजांची नोंदवही कलम 85 खाली दाखवावी. कलम 189 ची, संचालकांचा हितसंबंध असलेल्या करारांची नोंदवही मात्र जरूर काढून ठेवावी. आवारातील गोदाम कोणाला, किती भाड्याने दिले, हे गावात सगळे बोलतात. मला ते कागदावर वाचायचे आहे.

हिशेबाच्या वह्या किंवा संचालक मंडळाच्या बैठकांची इतिवृत्ते मी मागत नाही. तो हक्क सभासदाला नाही, हे मला ठाऊक आहे.

सोमवार, 19 जानेवारी रोजी सकाळी 11 ते 1 या वेळेत मी येईन. कामाच्या दिवशी किमान दोन तास पाहणीसाठी ठेवण्याची तरतूद कायद्यातच आहे, आणि सभासदाला पाहणीचे शुल्क नाही. टिपणे मी जागेवर घेईन. ज्या पानांच्या नकला लागतील त्यांचे, पानी दहा रुपयांच्या मर्यादेत कंपनी आकारेल ते शुल्क तिथेच भरीन. तो दिवस सोयीचा नसल्यास त्याच आठवड्यातला दुसरा दिवस लेखी कळवावा.

नकार मिळाल्यास त्याचे कारण लेखी द्यावे. कलम 94 मध्ये नकारासाठी दररोज 1,000 रुपये, कमाल एक लाखापर्यंत दंड आहे, आणि पाहणीचा आदेश मागण्याचा मार्गही आहे. तिथवर जावे लागू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. या जिनात माझ्या वडिलांनी पंचवीस हंगाम गाड्या खाली केल्या आहेत.

सोबत : शेअर सर्टिफिकेटची व आधार कार्डाची छायाप्रत.

आपला विश्वासू,
रा. ना. पाटील
भागधारक, फोलिओ क्र. 47