पाटीवर न मावलेली नावं : नव्या शाळेच्या उद्घाटनाचं भाषण

व्यासपीठावरचे संस्थेचे अध्यक्ष, सरपंचताई, गटशिक्षणाधिकारी साहेब, मुंबई मंडळाचे पदाधिकारी, समोर बसलेले सगळे ग्रामस्थ, आजी-माजी विद्यार्थी, माझे सहकारी आणि मुलांनो,

माईक मी मुद्दाम बाजूला ठेवलाय. बाहेर पाऊस कसा कोसळतोय ते दिसतंय तुम्हाला. शेवटच्या रांगेतल्या आजी, माझं बोलणं ऐकू येतंय ना? येतंय म्हणतायत. म्हणजे आर्किटेक्ट मॅडम पास झाल्या.

ज्यांनी गेली चार वर्षं आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुलै काढलाय, त्यांना यातली गंमत कळेल. पावसाची सर आली की शिकवणं बंद. फळ्यावर लिहायचं आणि मुलांनी उतरवून घ्यायचं. आमच्या इतिहासाच्या सरांनी पानिपतची लढाई एका पावसाळ्यात निव्वळ हातवाऱ्यांवर शिकवली. मुलांना ती चांगली कळली, हा भाग वेगळा.

३ जून २०२० हा दिवस दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. दुपारी निसर्ग वादळ आलं आणि संध्याकाळपर्यंत आपल्या जुन्या शाळेवर कौल उरलं नाही. वासे पटांगणात, दफ्तरखान्यातली रजिस्टरं चिखलात. कोरोनामुळे शाळा बंद होती, म्हणून वर्गात मूल नव्हतं. त्या टाळेबंदीला तेव्हा आपण सगळे शिव्या देत होतो. त्या एका दिवसापुरते मी तिचे आभार मानते. शाळा पुन्हा भरू लागली तेव्हा आधी देवळाचा सभामंडप, मग ग्रामपंचायतीची खोली आणि मग ती शेड. देवळाच्या विश्वस्तांचे आणि पंचायतीचे आभार अध्यक्षांनी मघाशी मानलेच आहेत. देणगीदारांची नावं दाराशी संगमरवरी पाटीवर आहेत. त्या पाटीवर जी मावली नाहीत, त्यांच्याबद्दल मी बोलणार आहे.

आधी आर्किटेक्ट वैद्य मॅडम. पहिल्यांदा आल्या त्या भर पावसात, आणि जागा मोजायच्या आधी एक अख्खा दिवस सभामंडपात मुलांमध्ये बसून राहिल्या. समितीतले आमचे एक ज्येष्ठ मला हळूच म्हणाले, "बाई नकाशा कधी काढणार?" बाई तेव्हा आठवीच्या मुलींना विचारत होत्या, की शाळेत तुमची सगळ्यात मोठी अडचण काय. एका मुलीने सांगितलं, स्वच्छतागृहात ओढणी आणि दफ्तर अडकवायला खुंटी नाही, सगळं ओल्या लादीवर ठेवावं लागतं. आज प्रत्येक दाराच्या आत दोन खुंट्या आहेत, एक उंचावर आणि एक पाचवीतल्या मुलीचा हात पोचेल अशी. आतापर्यंत शाळेचे जेवढे नकाशे माझ्या समोर आले, त्यांत स्वच्छतागृह म्हणजे कोपऱ्यातला एक चौकोन असायचा. या नकाशात त्याला खुंटीसुद्धा होती.

मग छपराचं भांडण. हो, भांडणच झालं, आणि ते झालं हे बरं झालं. समितीला सपाट स्लॅब हवा होता, म्हणजे पुढेमागे वर मजला चढवता येईल. मॅडम म्हणाल्या, "आपल्या तालुक्यात दहा वर्षांपूर्वी बांधलेला एक तरी सपाट स्लॅब दाखवा, ज्याच्यावर गळतीपायी पत्र्याची शेड घातलेली नाही." सभेत सगळ्यांनी आपापल्या घराचं छप्पर डोळ्यांसमोर आणलं आणि विषय संपला. म्हणून हा उतरता स्लॅब आणि त्याच्यावर मंगलोरी कौलं. वजनदार आहे, वाऱ्याला उचलता येत नाही. आणि पाऊस वाजत नाही, हे तुम्ही आत्ता ऐकताच आहात.

पडवी आठ फुटांची आहे. रुंदीवरूनही कुरबुर झाली होती, तेवढ्यात एक वर्ग निघाला असता म्हणून. पण खिडक्या उघड्या ठेवून झड आत न येणारी शाळा हवी, तर पडवी रुंदच लागते. आज सगळ्या खिडक्या उघड्या आहेत. बाकं कोरडी आहेत, हात लावून बघा.

उताराच्या वाटेबद्दल एक सांगते. जोतं तीन फूट उंच आहे, आणि एक फूट चढायला बारा फूट लांबी, या नियमाने ती वाट छत्तीस फुटांची झाली. पटांगण खाल्लं म्हणून तक्रार आली. मॅडमनी गावातल्या एका मुलाची चाकाची खुर्ची मागवली आणि तक्रार करणाऱ्यांनाच तिच्यात बसवून दुसऱ्या एका इमारतीच्या उभ्या उतारावर चढायला लावलं. नावं सांगत नाही. ते पहिल्या रांगेत बसलेत आणि आत्ता हसतायत.

आता ज्यांनी हे कागदावरचं उभं केलं ते. आमचे कंत्राटदार जाधव. उतरता स्लॅब काढायला सोपा आणि टाकायला अवघड, हे मी गेल्या एप्रिलमध्ये शिकले. काँक्रीट सैल झालं तर घसरून खाली येतं, म्हणून माल घट्ट ठेवायचा, खालच्या कडेपासून वर चढत जायचं आणि मध्ये थांबायचं नाही. पहाटे सुरुवात झाली, हॅलोजनच्या उजेडात रात्री संपलं. पण माझ्या लेखी खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. सपाट स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवता येतं. उतारावर पाणी थांबतच नाही. तिथे गोणपाटं पसरायची आणि ती दिवसभर ओली ठेवायची. तीही एप्रिलमध्ये, जेव्हा वाडीवरची बाई हंडाभर पाण्यासाठी विहिरीवर नंबर लावते. साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ दाखवतात, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी मिळत राहिलं तर घट्ट होतं. नववीच्या मुलांना मी हे तिथेच उभं करून दाखवलं. पाणी कमी मारलं असतं तर आज कुणाला कळलं नसतं. दहा-पंधरा वर्षांनी कळलं असतं, तेव्हा मी निवृत्त आणि जाधव दुसऱ्या साइटवर. जाधवांनी स्वतःच्या खिशातून टँकर आणला, दोन आठवडे पाणी तोडलं नाही, आणि बिलात तो टँकर कुठेही लावला नाही. हिशेब मी तपासलाय, म्हणून सांगते.

सळ्या बांधणारी मंडळी झारखंडची. समुद्र इथून जवळ आहे. खारा वारा सळीपर्यंत पोचला की ती गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. आपल्या जुन्या शाळेला नंतर जोडलेल्या खोलीचे पोपडे आठवत असतील तुम्हाला. म्हणून सळी काँक्रीटच्या कडेपासून आत राहावी, यासाठी तिच्याखाली कव्हर ब्लॉक लागतात. एक दिवस ते कमी पडले, तेव्हा त्यांच्या मुकादमाने काम थांबवलं. कुणी सांगायच्या आधी, आपल्या लोकांची मजुरी बुडत असताना. आज ते लोक इथे नाहीत, गुजरातेत दुसऱ्या कामावर आहेत. सकाळी व्हिडिओ कॉलवर त्यांना मी सगळी इमारत फिरवून दाखवली. ते शाळा कमी आणि स्लॅबच्या कडाच जास्त बघत होते.

भिंती चिऱ्याच्या, बाहेरून गिलावा नाही, चिऱ्यांमधल्या नुसत्या दरजा भरलेल्या. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होत जातो, त्यामुळे तो ताजा असतानाच नीट तासावा लागतो. रामचंद्र मिस्त्री आणि त्यांचे दोन्ही मुलगे तासत होते. मिस्त्री याच शाळेतून सातवीनंतर बाहेर पडले. जुन्या शाळेचे चांगले चिरे त्यांनी एकेक करून निवडले. तुम्ही ज्या रंगमंचाकडे तोंड करून बसलायत, तो त्याच चिऱ्यांचा आहे. चिरेखाणीतल्या कातकरी कुटुंबांना आजचं निमंत्रण मी स्वतः जाऊन दिलं होतं. ते आलेत. कृपया त्यांना पडवीत उभं ठेवू नका, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत.

आणखी एक नाव. विजापूरकडून आलेल्या सिद्धाप्पा आणि त्यांच्या मालकिणीने इथे बिगारकाम केलं. त्यांची मुलगी कामाच्या काळात आपल्याकडे पाचवीत बसत होती. कानडी बोलणारी पोर, दिवाळीपर्यंत मराठीत भांडायला लागली होती. काम संपलं तेव्हा शिक्षण हमी पत्रक देऊन आम्ही तिला पुढच्या गावी पाठवलं. तिच्या नव्या शाळेच्या बाईंशी माझं बोलणं झालंय, ती रोज जाते. ज्यांनी वर्ग बांधले त्यांचं मूल वर्गाबाहेर राहता कामा नये, हे संस्थेने ठेकेदारीच्या करारात लिहायला हवं, अशी माझी अध्यक्षांना सगळ्यांसमोर विनंती आहे. सगळ्यांसमोर केली की नाही म्हणता येत नाही.

पैशांबद्दल थोडकंच. मुरूड आपल्याच तालुक्यातलं. तिथल्या अण्णासाहेब कर्व्यांनी १८८६ मध्ये मुरूड फंड काढला, गावच्या कामांसाठी. आपल्या मुंबई मंडळाने तेच केलंय. कुणी लाख दिले, कुणी लालबागच्या खोलीतून महिन्याला दोनशे. दोघांचीही पावती मी त्याच वहीत फाडली.

मुलांनो, तुमच्यासाठी गणित. छपराचं क्षेत्रफळ साधारण चारशे चौरस मीटर. त्यावर वर्षाला साडेतीन मीटर पाणी पडतं. म्हणजे चौदा लाख लिटर. पन्हळीतून ते मागच्या टाकीत जातं आणि टाकी पन्नास हजार लिटरची आहे. टाकी किती वेळा भरून वाहील, आणि एप्रिलपर्यंत पाणी पुरवायचं तर रोज किती वापरायचं, हे सोमवारी आठवीने मला सांगायचं. उत्तर बरोबर आलं तर त्याचंच वेळापत्रक टाकीवर लावू.

आता वैद्य मॅडम, जाधव, रामचंद्र मिस्त्री आणि खाणीवरच्या सगळ्यांनी रंगमंचावर यावं. शाल आणि श्रीफळ विद्यार्थ्यांच्या हातून द्यायचं ठरलंय, पाहुण्यांनी रागावू नये. त्यानंतर वर्ग बघा, मग पडवीत पंगत आहे. आणि जाधव, सातवीच्या वर्गाबाहेरचा नळ काल रात्रीपासून ठिबकतोय. जेवून झाल्यावर तेवढं बघून जा.

धन्यवाद. जय हिंद, जय महाराष्ट्र.