एकाच बेटावर निवड आणि ड्रिफ्ट: बी.एस्सी. द्वितीय वर्षाच्या तासाच्या स्लाइड्स

स्लाइड १: डॅफ्नी मेजर, १९७७

गॅलापागोसमधलं छोटंसं बेट. दुष्काळ. जिओस्पायझा फोर्टिस या फिंचचे सुमारे ८५ टक्के पक्षी गेले.

*बोलताना:* पीटर आणि रोझमेरी ग्रँट १९७३ पासून इथे पक्षी पकडून, मोजून, पायात कडी घालून सोडत होते. त्यामुळे कोण गेलं आणि कोण राहिलं, हे पक्ष्यागणिक ठाऊक आहे. गेल्या वर्षीच्या पेपरात विचारलं होतं: इथे निवड झाली की ड्रिफ्ट, म्हणजे निव्वळ योगायोगाने जनुकांचं प्रमाण हलणं? निम्म्या वर्गाने लिहिलं, "पक्षी कमी उरले, म्हणून ड्रिफ्ट." उरलेल्यांनी लिहिलं, "दुष्काळ पडला, म्हणून निवड." दोन्ही उत्तरांत "म्हणून"च चुकलाय. किती मेले यावरून काहीच ठरत नाही.

स्लाइड २: उरलं काय? सराटे

मऊ, बारीक बी आधी संपलं. मागे राहिली ती टणक, काटेरी फळं.

*बोलताना:* ट्रिब्युलस म्हणजे आपल्या सराट्याचाच सोयरा. अनवाणी रानात गेलेल्याला वेगळं सांगायला नको. (खिशातला सराटा पहिल्या बाकावर द्यायचा, नखाने फोडून बघा म्हणायचं.) ज्यांची चोच जाड, त्यांना तो फुटतो. बारीक चोचीचे पक्षी उपाशी मरतात.

स्लाइड ३: निवड

वाचलेल्यांची चोच सरासरीने सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त जाड. जाडी आईबापांकडून पिलांकडे जाते. पुढच्या पिढीची चोचही जाड.

*बोलताना:* अर्धा मिलिमीटर ऐकून कुणीतरी हसेल, हसू द्यावं. दुष्काळाआधीच चोच मोजून दिली असती, तर कोण जगण्याची शक्यता जास्त हे सांगता आलं असतं. निवडीची खूण ती. गुण आणि जगणं यांची गाठ हवी, आणि गुण वारशाने जायला हवा. दुसरी अट विसरतात. पायातलं कडं निळं असलेले जास्त जगले, तरी पिलं निळं कडं घालून जन्मत नाहीत.

स्लाइड ४: त्याच पक्ष्यांतला ड्रिफ्ट

आता चोचीशी, खाण्याशी, कशाशीच संबंध नसलेलं एक जनुक कल्पा. त्याची रूपं, म्हणजे ॲलील, दोन: क आणि ख. निम्मे-निम्मे.

*बोलताना:* डब्यात १० लाल, १० पांढऱ्या चिठ्ठ्या. लाल म्हणजे क, पांढरी म्हणजे ख. एक काढा, रंग लिहा, परत टाका. असं वीस वेळा. बरोबर १० लाल साधारण सहांतून एकदाच येतील. ८ किंवा १२ येणं नेहमीचंच. ही १० पक्ष्यांची पुढची पिढी. लाल वाढले तर लाल "चांगले" होते असं कुणी म्हणालं, की तिथेच थांबवायचं. डब्याला रंग दिसत नाही.

स्लाइड ५: दहा बेटं

हीच कळपभर पाखरं दहा बेटांवर ठेवली आणि दहाही बेटांवर असाच दुष्काळ पाडला, तर?

चोच: जवळपास सगळीकडे जाडच होईल.
क-ख: कुठे क वाढेल, कुठे ख, कुठे फारसं काही नाही.

*बोलताना:* या स्लाइडवर घाई नको. दोन मिनिटं गप्प राहायचं. हे ज्याला कळलं, त्याला व्याख्या पाठ करावी लागत नाही.

स्लाइड ६: दोन्ही एकदम

मोठ्या अंगाचे जास्त जगले. नर मोठे असतात. मागे राहिले एका मादीला जवळजवळ सहा नर. Nm नर, Nf माद्या, Ne ड्रिफ्टच्या दृष्टीने भरणारी संख्या.

```
Ne = 4·Nm·Nf / (Nm + Nf)
4·154·26 / 180 ≈ 89
```

*बोलताना:* हिशेबासाठी १८० पक्षी धरू: १५४ नर, २६ माद्या. डोकी १८०, पण ड्रिफ्टच्या दृष्टीने ती ८९ पक्ष्यांसारखी, कारण प्रत्येक पिलाची निम्मी जनुकं त्या २६ माद्यांकडूनच यायची. नर-माद्या निम्मे-निम्मे असते, तर क-ख चं प्रमाण पिढीमागे साधारण २.६ टक्क्यांनी हललं असतं, ते आता ३.७ टक्क्यांनी हलेल. म्हणजे अंगाच्या आकारावर झालेल्या निवडीनेच क-ख वरचा ड्रिफ्ट वाढवला. "निवड की ड्रिफ्ट?" हा प्रश्न अख्ख्या बेटाला विचारायचा नसतो. तो एकेका गुणाला विचारायचा.

स्लाइड ७: वर्गासाठी

१९८२-८३ च्या एल निनोत धो धो पाऊस झाला. पुढे बारीक बी मुबलक, मोठं दुर्मिळ. १९८४-८५ मध्ये लहान चोचीचे पक्षी जास्त टिकले. चोच आधी जाड होते, मग बारीक. ही दिशाहीन हालचाल, म्हणजे ड्रिफ्ट?

*बोलताना:* हात वर करायला सांगायचे. "हो" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारायचं: त्या वर्षी जमिनीवर कोणतं बी पडलं होतं?