पेपरच्या आदल्या रात्रीची उजळणी

(सांगली, विश्रामबाग. भाड्याच्या खोलीत रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. सकाळी फिजिओलॉजीचा पेपर आहे. दोघींनी मिळून काढलेल्या संक्षिप्त नोट्सची वही श्वेताच्या हातात आहे.)

श्वेता : विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते?

गौरी : प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे जवळजवळ ५ लिटर.

श्वेता : बरोबर. दोन्ही मूत्रपिंडांतून दिवसाला किती द्रव गाळला जातो?

गौरी : सुमारे १८० लिटर, मात्र लघवी साधारण दीड लिटरच होते, कारण उरलेले जवळजवळ सगळे पाणी नलिकांमधून पुन्हा रक्तात शोषले जाते.

श्वेता : आता ऑक्सिजनचा आलेख, म्हणजे ऑक्सिजनच्या कोणत्या दाबाला हिमोग्लोबिन किती भरते तो. तो उजवीकडे सरकला, तर हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरून ठेवण्याची ओढ वाढते की कमी होते?

गौरी : वाढते. वहीत ‘उजवीकडे’ या शब्दापुढे वर जाणारा बाण आहे ना?

श्वेता : अगं, तो बाण कार्बन डायऑक्साइड, तापमान आणि आम्लता वाढण्याचा आहे. मीच घाईत तो चुकीच्या शब्दाला चिकटवून काढला. ओढ कमी होते.

गौरी : मग फुप्फुसातही ऑक्सिजन कमीच घेतला जाईल की!

श्वेता : तसे होत नाही, आणि हाच मला या धड्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब सुमारे १०० मिलिमीटर असतो आणि तिथे आलेख जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे तो थोडा सरकला तरी हिमोग्लोबिन भरण्यात फारसा फरक पडत नाही. ऊतींत मात्र दाब ४० च्या आसपास असतो आणि तिथे आलेखाला तीव्र उतार असतो. म्हणून तेवढ्याच सरकण्याने कितीतरी जास्त ऑक्सिजन सुटतो.

गौरी : म्हणजे भर उन्हात उसाची मोळी उचलणाऱ्या माणसाच्या मांडीचा स्नायू तापतो, त्यात आम्लता वाढते, आणि ज्या जागी गरज आहे नेमक्या त्याच जागी रक्त आपला ऑक्सिजन सोडून देते.

श्वेता : अगदी असेच लिही. कार्बन डायऑक्साइड आणि आम्लतेच्या या परिणामाचे नाव?

गौरी : बोर परिणाम. थांब, तो बाण आधी खोडू दे, नाहीतर पहाटे वाचताना मी पुन्हा फसेन. (लाल पेनने बाण खोडून शेजारी ‘ओढ कमी’ असे लिहिते.) आता माझी पाळी. गर्भाच्या हिमोग्लोबिनचा आलेख कोणत्या बाजूला असतो?

श्वेता : डावीकडे. त्याची ओढ जास्त असते, म्हणून वारेतून आईच्या रक्तातला ऑक्सिजन त्याला ओढून घेता येतो.

गौरी : आणि ही ओढ जास्त का असते?

श्वेता : कारण लाल पेशींतले टू-थ्री बीपीजी हे ओढ कमी करणारे रसायन त्याला कमी घट्ट बांधले जाते. पान उलट, आता चेतापेशी घेऊ.