ट्रक ताफ्याच्या पॉलिसीवरील लोडिंगचा फेरविचार करण्याबाबत

दि. १० मार्च २०२५
कोल्हापूर

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
मोटार विमा विभाग, कोल्हापूर

महोदय,

माझ्या १४ ट्रकांच्या पॉलिसीची मुदत ३१ मार्चच्या मध्यरात्री संपते. नूतनीकरणाची नोटीस मिळाली. नो क्लेम बोनस प्रत्येक गाडीला बरोबर लागला आहे, थर्ड पार्टीचे दर सरकारने ठरवलेले आहेत. या दोन्हींबद्दल माझे काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते ओन डॅमेज प्रीमियमवर लावलेल्या ३० टक्के लोडिंगबद्दल.

हे लोडिंग गेल्या वर्षी लागले तेव्हा मी मुकाट्याने भरले, कारण ते रास्त होते. २०२३-२४ मध्ये माझे दोन क्लेम झाले. एक गाडी खंबाटकीच्या एस वळणावर उलटली, दुसरी उभ्या कंटेनरला मागून धडकली. दोन्ही मिळून ६,८५,००० रुपये आपण दिले. खंबाटकीचा ड्रायव्हर दोन महिने अंथरुणावर होता. ते मी विसरलेलो नाही.

म्हणूनच नंतर कामाची पद्धत बदलली. शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग घेऊन न्हावाशेव्याला जाणारी गाडी आता रात्री ११ ते पहाटे ४ रस्त्यावर नसते. लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर असतात. सगळ्या गाड्यांना जीपीएस आहे. घाटातल्या वेगाचा अहवाल मी रोज सकाळी स्वतः पाहतो. ब्रेक लायनर दर तीन महिन्यांनी तपासले जातात, गॅरेजची बिले सोबत जोडली आहेत.

१ एप्रिल २०२४ पासून आजपर्यंत एकही क्लेम नाही. एका गाडीचा बंपर गोदामाच्या भिंतीला घासला होता. त्याचे ११,४०० रुपये मी खिशातून भरले आणि क्लेम केला नाही. आपल्यापासून काही लपवायचे नाही म्हणून हेही लिहितो.

तरीही नोटिशीत लोडिंग जसेच्या तसे आहे. त्यापोटी १,२३,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४५,१४० रुपये जादा. कार्यालयात विचारले तर "बोनस मिळाला ना" असे उत्तर मिळाले. पण बोनस एकेका गाडीचा असतो, लोडिंग मात्र पूर्ण ताफ्याच्या क्लेम अनुभवावर लावले होते. तो अनुभव सुधारला असेल तर आकडाही उतरायला हवा.

माझी विनंती अशी, की लोडिंग पूर्ण काढावे. दोन वर्षांचा अनुभव एकत्र धरण्याचा आपला नियम असेल, तर निदान १० टक्क्यांवर आणावे. तेही शक्य नसेल तर कारण आणि ताफ्याचा क्लेम अनुभव तक्ता लेखी द्यावा. गाड्यांची तपासणी करायची असल्यास कोणत्याही रविवारी सर्व्हेअर पाठवा, त्या दिवशी बहुतेक गाड्या यार्डात असतात.

२० मार्चपर्यंत उत्तर मिळावे. एक दिवसही विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणार नाही, त्यामुळे त्यानंतर मला दुसऱ्या कंपन्यांचे दर मागवावे लागतील. नऊ वर्षे आपल्याकडेच आहे, पुढेही राहण्याची इच्छा आहे.

आपला विश्वासू,
सुभाष पाटील
ट्रकमालक व पॉलिसीधारक

सोबत: नूतनीकरण नोटिशीची प्रत, जीपीएस अहवाल, ब्रेक तपासणीची बिले, बंपर दुरुस्तीची पावती